६७ टक्क्यांची गोष्ट

नैराश्यावरच्या स्टार-डी या अमेरिकी अभ्यासाचा मुख्य निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. ३,६७१ रुग्णांना टप्प्याटप्प्याने चार उपचार दिले गेले. एकाने गुण न आल्यास दुसरा. पहिल्या टप्प्यात ३६.८ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, तर चौथ्यात केवळ १३ टक्के. चारही मिळून आकडा आला ६७ टक्के, आणि तोच जगभर गाजला.

हा आकडा एका गृहीतकावर उभा होता: मधेच अभ्यास सोडून गेलेलेही राहिलेल्यांच्याच प्रमाणात बरे झाले असते. प्रत्यक्षात गुण न येणारेच बहुधा कंटाळून सोडतात. लेखकांनी हे गृहीतक निबंधात लिहिलेही होते, पण पुढच्या उद्धरणांत ते गळून पडले.

म्हणून चर्चा विभागात मर्यादा शेवटच्या परिच्छेदात कोंबू नये, असे मला ठामपणे वाटते. ती आकड्याच्या शेजारीच हवी आणि तिने निष्कर्ष कुठल्या बाजूला झुकतो, हेही सांगावे. ‘गळतीमुळे हा आकडा बहुधा फुगलेला आहे’ हे वाक्य ‘गळती ही मर्यादा आहे’ यापेक्षा कितीतरी उपयोगी.

शिवाय इथे तुलनेला बिनऔषधी गोळी घेणारा गट नव्हता. त्यामुळे ‘उपचार घेताना बरे झाले’ म्हणता येते, ‘उपचारामुळे’ नाही. रुग्ण अमेरिकेतल्या बाह्यरुग्ण विभागांतले होते. गडचिरोलीतल्या आरोग्य केंद्राला हे प्रमाण लागू पडेल, असे या अभ्यासावरून म्हणता येत नाही.