सातशे वीस नगांचा प्रश्न

भोसरीच्या एका ग्राइंडिंग शॉपमधून चाकणच्या पंप कारखान्यात ८०० शाफ्ट आले आहेत, असे समजा. प्रत्येक शाफ्टवर २५ मिलिमीटर व्यासाची एक जागा आहे. तिच्यावर ६२०५ नंबरचे बेअरिंग दाबून बसवायचे. ड्रॉइंगवर त्या व्यासापुढे k6 असे लिहिलेले असते. त्याचा हिशेब असा, की व्यास २५.००२ पेक्षा कमी नको आणि २५.०१५ पेक्षा जास्त नको. म्हणजे मोकळीक १३ मायक्रॉनची, माणसाच्या केसाच्या जाडीहूनही बरीच कमी. व्यास याहून मोठा झाला, तर बेअरिंगची आतली रिंग ताणली जाते, गोळ्यांना फिरायला जागा उरत नाही आणि बेअरिंग तापते. लहान झाला, तर रिंग शाफ्टवर हळूहळू सरकत राहते आणि दोन्ही झिजतात.

आलेला प्रत्येक नग मोजत बसणे परवडत नाही. म्हणून भारतीय मानक आयएस २५०० मधले तक्ते वापरतात. करारात १ टक्का ही गुणवत्तेची पातळी ठरलेली असेल, तर ८०० नगांच्या लॉटमधून, नेहमीच्या तपासणीच्या नियमाने, ८० नग काढायचे. त्यांत दोनपर्यंत दोषी निघाले तर लॉट घ्यायचा आणि तीन किंवा जास्त निघाले तर नाकारायचा. आपल्या उदाहरणात सात निघाले. पाच नग मोठे, त्यांतला सर्वांत मोठा २५.०२१. दोन लहान, २४.९९८ आणि २४.९९९.

इथे हमखास एक चूक होते. पुरवठादाराचा माणूस फोनवर म्हणतो, ‘‘साहेब, ते सात परत द्या, उद्या सात नवे पाठवतो.’’ ऐकायला हे रास्त वाटते, पण सात हा ८० नगांतला आकडा आहे. न मोजलेले ७२० नग अजून तसेच पडून आहेत आणि याच प्रमाणात पाहिले तर त्यांत साठेक खराब असायला हवेत. सॅम्पल घेतले ते त्या ८० नगांचा नव्हे, तर पूर्ण लॉटचा निकाल लावण्यासाठी. म्हणून नाकारायचे ते सगळे ८००.

नाकारण्याचे पत्र लिहिताना क्वालिटी विभागाचा राग सहज कागदावर उतरतो. ‘माल अत्यंत निकृष्ट’, ‘वारंवार सांगूनही’ अशी वाक्ये येतात आणि त्यांतून पुरवठादाराला करायचे काय, ते कळत नाही. पत्राची कसोटी एकच : समोरच्याने आपल्या शॉपमध्ये तोच नग, तीच जागा, तसेच साधन घेऊन मोजले, तर त्याला तोच आकडा मिळाला पाहिजे. त्यासाठी सोबतचा अहवाल पुरेसा बोलका हवा. त्यात ऑर्डर आणि चलनाचा क्रमांक, ड्रॉइंगचा क्रमांक व आवृत्ती, कोणते माप, ड्रॉइंगमधली हद्द आणि प्रत्यक्ष निघालेला आकडा नगागणिक हवा. मायक्रोमीटर कोणता वापरला आणि त्याचे कॅलिब्रेशन कधीपर्यंत वैध आहे, हेही हवे. दोषी सात नगांवर रंगाने क्रमांक टाकून ते बाजूला ठेवायचे.

एका ओळीत तापमानही लिहावे. मापनाचे जागतिक संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे. २५ मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा दहा अंशांनी गरम असेल, तर तो जवळजवळ तीन मायक्रॉन मोठा दिसतो. मशिनवरून उतरलेला कोमट नग लगेच मोजला, तर तो हद्दीत बसतो आणि थंड झाल्यावर लहान निघतो. ‘आमच्याकडे तर बरोबर होते’ या वादाचे मूळ पुष्कळदा इथे असते. ‘नग तपासणी कक्षात रात्रभर ठेवून मोजले’ हे एक वाक्य असा वाद अर्ध्यावर आणते.

मग पत्र साधारण असे होते :

‘आपल्या ४ तारखेच्या चलनाने आलेल्या ८०० शाफ्टची आम्ही तपासणी केली. ८० नगांपैकी ७ नगांचा बेअरिंगच्या जागेचा व्यास ड्रॉइंगच्या हद्दीबाहेर आहे. ठरलेल्या योजनेनुसार स्वीकाराची मर्यादा २ असल्याने पूर्ण लॉट आम्ही नाकारत आहोत. अहवाल सोबत आहे. माल लाल टॅग लावून वेगळा ठेवला असून त्यातला एकही नग वापरलेला नाही. आपली माणसे १० तारखेपर्यंत येऊन सर्व नग मोजून वेगळे करतील, मोठे नग ग्राइंडिंगसाठी परत नेतील आणि लहान नगांच्या जागी नवे देतील, असा आमचा प्रस्ताव आहे. हे मान्य आहे की नाही, ते ८ तारखेपर्यंत लेखी कळवावे.’

मोठ्या आणि लहान नगांना वेगळा न्याय का, तर मोठ्या नगावर जादा धातू आहे. तो पुन्हा दोन सेंटरमध्ये धरून पाच-सात मायक्रॉन काढले की माप ड्रॉइंगप्रमाणे होते. हे रिवर्क. मात्र सेंटरचे खड्डे खराब झालेले नकोत आणि ग्राइंडिंगनंतर गोलाई व पृष्ठभाग पुन्हा तपासायला हवेत. लहान नगावर धातू कुठून आणणार? हार्ड क्रोमचा थर चढवून माप वाढवता येते, पण मग तो नग ड्रॉइंगमधला राहत नाही, डागडुजी केलेला नग होतो. त्याला डिझाइन विभागाची लेखी संमती लागते. ती नसेल, तर बदली नग एवढाच मार्ग उरतो. रिवर्क होऊन आलेले नग वेगळी खूण घालून, वेगळा लॉट म्हणून पुन्हा तपासणीला यावेत, जुन्या ढिगात मिसळू नयेत.

पत्रातल्या ‘वापरलेला नाही’ या शब्दांमागे कायदा आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ प्रमाणे माल तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे मानत नाहीत, त्यामुळे गेटवर चलनावर झालेली सही म्हणजे स्वीकार नव्हे. पण कलम ४२ सांगते, की वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला, किंवा माल जणू आपलाच आहे असे वागलात, तर स्वीकार झाला. म्हणून लाइन थांबू नये यासाठी त्यातले चांगले शंभर नग वापरायचे असतील, तर आधी पुरवठादाराची लेखी सहमती घ्यावी. कलम ४३ नुसार, वेगळे ठरलेले नसेल, तर नाकारलेला माल परत पोचवण्याची जबाबदारी खरेदीदारावर नसते. नकार कळवणे पुरते.

पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर मुदत आणखी नेमकी आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाप्रमाणे माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते आणि पैसे देण्याचे दिवस मोजायला सुरुवात होते. मुदतीत हरकत घेतली असेल, तर पुरवठादाराने ती दूर केलेला दिवस स्वीकाराचा ठरतो. फोनवरच्या तक्रारीला इथे किंमत नाही. दुसऱ्या बाजूने, पैसे लांबवण्यासाठी सोळाव्या दिवशी आठवलेला दोषही या तरतुदीपुढे टिकायला कठीण.

पुढच्या लॉटसाठी पत्रात आणखी एक मागणी असावी : कारणाची. ग्राइंडिंगचे चाक झिजत गेले आणि वेळेवर ड्रेस करून माप सुधारले नाही, तर नगांचा व्यास क्रमाक्रमाने वाढत जातो. पाच मोठ्या नगांमागे हे असू शकते. दोन लहान नगांचे कारण गरम असताना केलेली मोजणी असू शकते. खरे काय ते पुरवठादारालाच ठाऊक. त्याने ‘ऑपरेटरला समज दिली’ एवढेच कळवले, तर पुढच्या लॉटचीही तपासणी कडक ठेवावी. ‘दर वीस नगांनंतर माप घेतो, थंड करून मोजतो’ असे कळवले आणि त्या मोजणीची नोंदवही जोडली, तर पुढचा लॉट नेहमीच्या सॅम्पलवर घ्यायला हरकत नाही.