शिल्लक वाढली, पण पैसे कोणाचे?

सप्टेंबरअखेरपर्यंत सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. सभेआधी घरी आलेल्या अहवालात बहुतेक सभासद एकच आकडा शोधतात, तो म्हणजे बँकेतली शिल्लक. गेल्या वर्षीपेक्षा ती वाढलेली दिसली की हिशेब मंजूर होतो. पण जमा-खर्च पत्रक वर्षभरात पैसे किती आले आणि किती गेले, एवढंच सांगतं. आलेले पैसे कोणत्या वर्षाचे आणि कशासाठीचे, हे आपल्यालाच विचारावं लागतं.

समजा, वीस फ्लॅटची एक इमारत आहे. दर फ्लॅटचं महिन्याचं बिल ३,००० रुपये. त्यात २,००० सेवाशुल्क, ७५० दुरुस्ती निधी आणि २५० सिंकिंग फंड. हे शेवटचे दोन आकडे मनाने ठरवलेले नाहीत. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे जमिनीची किंमत वगळून फ्लॅटचा जो बांधकाम खर्च येतो, त्याच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्तीसाठी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी घ्यायचा असतो. इथे तो खर्च १२ लाख धरला आहे. सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे वगैरे, मात्र सर्वांना सारखं; फ्लॅट लहान असो की मोठा.

वर्षाची बिलं झाली ७,२०,००० रुपयांची. पत्रकात सुरुवातीची शिल्लक १,१०,०००, सभासदांकडून जमा ६,९०,०००, बँकेचं व्याज ६,००० आणि खर्च ६,२०,०००. अखेरची शिल्लक १,८६,०००. म्हणजे ७६,००० रुपयांची वाढ. वरवर पाहता वर्ष छान गेलं.

आता जमेची बाजू उकलू. आलेल्या ६,९०,००० मध्ये ९०,००० गेल्या वर्षीच्या थकबाकीचे आहेत. यंदाच्या बिलांपोटी आले फक्त सहा लाख, म्हणजे यंदाचे १,२०,००० यायचे राहिले. शिवाय बिलातला प्रत्येक बारावा रुपया सिंकिंग फंडाचा असतो. त्या हिशेबाने आलेल्या रकमेतले ५७,५०० रुपये या निधीचे. ते वेगळ्या मुदत ठेवीत गेले असते, तर खर्चाच्या बाजूला ‘सिंकिंग फंड गुंतवणूक’ अशी ओळ दिसली असती. इथे ती नाहीच. मार्चचा वॉचमनचा पगार आणि वीजबिल मिळून ४५,००० रुपये एप्रिलमध्ये दिले, म्हणून तेही पत्रकात आले नाहीत. ही दोन्ही ओझी वजा केली की शिल्लक उरते ८३,५००.

सिंकिंग फंडाबाबत मला विशेष आग्रहाने सांगावंसं वाटतं. हा पैसा पुनर्बांधणीसाठी किंवा वास्तुविशारदाने आवश्यक म्हणून दाखला दिलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो आणि तो काढायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. चालू खात्यात मिसळून राहिला की तो कोणाच्याही लक्षात न येता पगारात आणि पाणीपट्टीत संपतो. ताळेबंदात मात्र निधीचा आकडा दरवर्षी वाढतच राहतो, कारण तो बिलांवरून मांडला जातो. म्हणून ताळेबंदाच्या एका बाजूचा सिंकिंग फंड आणि दुसऱ्या बाजूच्या त्याच्या ठेवी शेजारी ठेवून पाहाव्यात, आणि ठेवींच्या मूळ पावत्या सभेत मागाव्यात. त्या पाहायला मागणं हा समितीवरचा अविश्वास नव्हे.

थकबाकी तपासायला साधी बेरीज-वजाबाकी पुरते. वर्षाच्या सुरुवातीला येणं होतं १,५०,०००. त्यात यंदाची बिलं मिळवा, जमा रक्कम वजा करा. उत्तर १,८०,०००. ताळेबंदातलं ‘सभासदांकडून येणे’ एवढंच हवं. तफावत असेल तर आकारलेलं व्याज, न वटलेला चेक किंवा चुकीच्या खात्यावर पडलेली जमा, यांपैकी काहीतरी सापडतं.

पण एकूण आकड्यापेक्षा थकबाकीचं वय महत्त्वाचं. या १,८०,००० मध्ये आठ फ्लॅटची दोन-दोन महिन्यांची बिलं, म्हणजे ४८,०००, आहेत. ती बहुधा एप्रिल-मेमध्ये येतील. उरलेले १,३२,००० फक्त दोन फ्लॅटचे आहेत: यंदाचं सगळं वर्ष आणि मागचे ६०,०००. व्याज लावूनही अशी रक्कम आपोआप येत नाही. आदर्श उपविधींत या व्याजाची कमाल मर्यादा दरसाल २१ टक्के, तेही सरळव्याज. व्याजावर व्याज लावलेलं बिल पुढे वादात अडकतं.

अशा वेळी सहकार कायद्याच्या कलम १५४ ब-२९ खाली निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करता येतो. तिथे बिलांच्या प्रती, पाठवलेल्या नोटिसा, दर ठरवल्याचा ठराव आणि त्या सभासदाचा खातेउतारा लागतो. खातेउताऱ्यात मूळ रक्कम आणि व्याज वेगळ्या रकान्यांत नसेल, तर अर्ज करण्याआधी ते काम हातात घ्यावं लागतं.