संमतिपत्राचे भाषांतर : आधी मूळ वाक्य तपासा

नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेण्यापूर्वी रुग्णाला संमतिपत्र वाचायला देतात. ते बहुधा आधी इंग्रजीत तयार होते व मग त्याचे मराठी भाषांतर होते. मराठी सोपी असली म्हणजे काम झाले, असा समज आहे. परंतु मूळ इंग्रजी वाक्याचेच दोन अर्थ निघत असतील तर?

समजा, मधुमेहाच्या एका चाचणीचे संमतिपत्र आहे. त्यात लिहिले आहे, ‘तपासणीला येण्यापूर्वी ८ तास उपाशी राहा. आपले औषध नेहमीप्रमाणे घ्या.’ वाक्ये अगदी सोपी आहेत. पण औषध कोणते? चाचणीतले की रोजचे? शिवाय ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे सकाळी की न्याहारीबरोबर? त्या दिवशी तर न्याहारीच नाही. ग्लिमेपिराइडसारखी न्याहारीबरोबर घ्यायची गोळी उपाशीपोटी घेतली, तर रक्तातील साखर फार उतरू शकते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, प्रसंगी शुद्धही हरपते.

भाषांतर तपासण्यासाठी मराठी मजकूर दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत करून घेण्याची पद्धत आहे. येथे मात्र ती उपयोगी पडत नाही. ‘औषध नेहमीप्रमाणे घ्या’ याचे इंग्रजी मूळ वाक्याशी तंतोतंत जुळते. संदिग्धता इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून पुन्हा इंग्रजीत जशीच्या तशी येते. म्हणून ती भाषांतरापूर्वीच शोधावी लागते.

त्यासाठी साधा उपाय आहे. प्रत्येक सूचनेला विचारावे : कोणी, काय, केव्हा आणि किती? मग दोघांनी एकमेकांशी न बोलता, रुग्णाने नेमके काय करायचे ते आपापल्या शब्दांत लिहावे. दोघांचे लिखाण जुळले नाही, तर ते वाक्य संशयित समजावे. मराठी स्वतःही काही शंका उघड करते. ‘औषध थांबवायचे का, हे वुई ठरवू,’ यातला ‘वुई’ म्हणजे आम्ही डॉक्टर, की आपण दोघे मिळून? इंग्रजीत हे झाकले जाते; मराठीत ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावेच लागते.

अशा वेळी भाषांतरकाराने अंदाज बांधू नये. शंकांची यादी चाचणीच्या प्रमुख डॉक्टरांकडे व प्रायोजक कंपनीकडे पाठवून लेखी उत्तर घ्यावे. दुरुस्ती मूळ इंग्रजीतच व्हावी व नीतिविषयक समितीची मंजुरी मिळावी, म्हणजे इतर भाषांतही तीच चूक जाणार नाही. वरील वाक्य मग असे होऊ शकेल : ‘रक्त देईपर्यंत मधुमेहाची रोजची गोळी घेऊ नका. रक्त दिल्यावर न्याहारीबरोबर ती घ्या. चाचणीतील गोळी दवाखान्यात देऊ.’ अर्थात, नेमके काय करायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

वाचकहो, आपल्या देशातील २०१९ च्या नियमांनुसार ही माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. सही करण्यापूर्वी एखाद्या वाक्याशी अडलात, तर दोष आपल्या समजुतीचा मानू नका. ‘कोणते औषध, केव्हा?’ असे सरळ विचारा.