क्रेडिट कार्डाने घरभाडे: शुल्क, कर आणि पॉइंटांचा हिशेब

क्रेडिट कार्ड फक्त व्यापाऱ्याकडे चालते, आणि सामान्य घरमालक व्यापारी नसतो. त्याच्याकडे कार्ड घासायचे यंत्र नसते, त्याला भाडे हवे असते ते थेट बँक खात्यात. कार्डाने भाडे भरून देणारी ॲप नेमकी या फटीत उभी राहिली. भाडेकरूच्या कार्डावरून रक्कम ॲप घेते आणि आयएमपीएस किंवा एनईएफटीने ती घरमालकाच्या खात्यात पाठवते. घरमालकाला ती साध्या बँक हस्तांतरासारखीच दिसते. भाडे कार्डावरून आले हे त्याच्या लक्षातही येत नाही, आणि त्याच्याकडून कुणी काही कापूनही घेत नाही.

कापले जाते ते भाडेकरूचे. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारात कार्ड देणारी बँक, कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी आणि पैसे गोळा करणारी मध्यस्थ संस्था आपापला वाटा घेतात. दुकानात हा खर्च दुकानदार सोसतो. भाड्याच्या व्यवहारात दुकानदारच नसल्याने तो ॲपच्या ‘सुविधा शुल्का’च्या रूपाने भाडेकरूच्या माथी येतो. ॲपनुसार आणि कार्डानुसार हे शुल्क बदलते. साधारण एक ते दोन टक्के सर्रास आढळते. त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. हा कर फक्त शुल्कावर असतो, भाड्यावर नाही. नोकरदार माणसाने राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नसतोच.

पूर्वी हिशेब इथेच संपत असे आणि तो अनेकांना परवडतही असे, कारण शुल्क कमी होते आणि पॉइंट भरघोस मिळत. मग बँकांच्या एक गोष्ट लक्षात आली. बरीचशी ‘भाडी’ खरी नव्हती. घरमालक म्हणून नवऱ्याचे, भावाचे किंवा मित्राचे खाते भरायचे, कार्डावरून पैसे पाठवायचे आणि तेच पैसे परत घ्यायचे, अशी युक्ती सुरू झाली होती. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर वेगळे शुल्क पडते आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते. भाड्याच्या नावाखाली ही दोन्ही ओझी चुकत होती, वर पॉइंट मिळत होते. बँकेच्या दृष्टीने ही उधारीवर काढलेली रोकडच होती.

म्हणून बँकांनी स्वतःचे शुल्क वेगळे लावायला सुरुवात केली. आयसीआयसीआय बँकेने 20 ऑक्टोबर 2022 पासून भाड्याच्या व्यवहारावर एक टक्का आकारणी सुरू केली. एसबीआय कार्डने त्याच नोव्हेंबरात प्रत्येक व्यवहाराला 99 रुपये अधिक कर लावले आणि मार्च 2023 मध्ये ते 199 रुपयांवर नेले. एचडीएफसी बँकेने ऑगस्ट 2024 पासून इतरांच्या ॲपवरून भरलेल्या भाड्यावर एक टक्का, पण प्रत्येक व्यवहाराला जास्तीत जास्त 3,000 रुपये, अशी मर्यादा घातली. हे शुल्क ॲपच्या पडद्यावर दिसत नाही. ते महिनाअखेर कार्डाच्या बिलात वेगळ्या ओळीत उमटते आणि त्याखाली जीएसटीची आणखी एक ओळ येते. ॲपवर ‘एकूण रक्कम’ पाहून निर्णय घेणारा भाडेकरू फसतो तो याच जागी.

25,000 रुपये भाड्याचे उदाहरण घेऊ. ॲपचे शुल्क दीड टक्का धरले तर 375 रुपये आणि त्यावर जीएसटी 67.50 रुपये. कार्डावर 25,442.50 रुपये चढतात. बँकेचे शुल्क या संपूर्ण रकमेवर एक टक्का, म्हणजे सुमारे 254 रुपये, अधिक जीएसटी सुमारे 46 रुपये. सगळे मिळून महिन्याला अंदाजे 743 रुपये जादा गेले, म्हणजे भाड्याच्या जवळपास तीन टक्के. वर्षाला ही रक्कम 8,900 रुपयांच्या पुढे जाते.

आता जमेची बाजू. शंभर रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटाची किंमत 25 पैसे असे कार्ड असेल, तर 25,442 रुपयांचे 254 पॉइंट होतात, म्हणजे साधारण 64 रुपये. तेही पॉइंट मिळाले तर. बिल भरायला मिळणारी 45 दिवसांची सवलत तेवढी कामाची वाटते. पण 25,000 रुपये इतके दिवस तीन टक्क्यांच्या बचत खात्यात राहिले तर व्याज मिळते सुमारे 92 रुपये. 743 रुपयांपुढे या दोन्ही रकमा किरकोळ आहेत.

पॉइंट मिळतील की नाही हे ठरते व्यापारी वर्गाच्या चार अंकी संकेतांकावर. कार्डाच्या जाळ्यात प्रत्येक व्यवहाराला असा अंक जोडलेला असतो. मालमत्ता भाड्याने देणाऱ्या दलालांसाठी आणि व्यवस्थापकांसाठी तो 6513 आहे. बँकेची प्रणाली हा अंक पाहून व्यवहार भाड्याचा ठरवते, शुल्क लावते आणि पॉइंट रोखते. एचडीएफसी बँकेने 2023 च्या सुरुवातीपासून भाड्यावरचे पॉइंट बंद केले. आयसीआयसीआय आणि एसबीआय कार्डनेही 2024 मध्ये आपल्या अनेक कार्डांवर तेच केले. पॉइंट नसले तरी वार्षिक फी माफ होण्यासाठी लागणारा खर्च भाड्याने भरून निघेल, अशी आशा अनेकांना असते. पण त्या अटीतूनही भाडे वगळलेले असू शकते. ‘वगळलेले व्यवहार’ या शीर्षकाखालचा मजकूर वाचला की उत्तर मिळते, आणि तो मजकूर कार्डागणिक निराळा असतो. एखादा मोठा खर्चाचा टप्पा गाठायला थोडीच रक्कम कमी पडत असेल, भाडे त्यात धरले जात असेल आणि बक्षीस 743 रुपयांहून मोठे असेल, तर एखाद्या महिन्यापुरता व्यवहार फायद्याचा ठरतो. दर महिन्याची सवय म्हणून नाही.

बिल वेळेवर भरले नाही तर वरचा सगळा हिशेब गौण ठरतो. महिना साडेतीन टक्के व्याजाने 25,442 रुपयांवर एका महिन्याचे सुमारे 890 रुपये होतात आणि त्यावरही 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,050 रुपयांच्या आसपास. ‘किमान देय’ तेवढे भरल्यास विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. ते व्यवहाराच्या तारखेपासून मोजले जाते.

15 सप्टेंबर 2025 रोजी रिझर्व्ह बँकेने पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थ संस्थांसाठी नवे निर्देश काढले. ज्या व्यापाऱ्याशी मध्यस्थाचा थेट करार आहे आणि ज्याची ओळख त्याने रीतसर तपासली आहे, त्याच्यासाठीच पैसे गोळा करता येतील, असा त्यांचा रोख आहे. बहुतेक घरमालक असे नोंदणीकृत व्यापारी नसल्याने फोनपे, पेटीएम आणि क्रेड यांनी ही सोय थांबवली. घरमालकाची नोंदणी करून घेणाऱ्या किंवा भाडे थेट मालमत्ता कंपनीला जाते अशा ठिकाणी हा मार्ग उरतो.

प्राप्तिकरात ॲपचे आणि बँकेचे शुल्क भाड्यात धरले जात नाही. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट मागताना पावती 25,000 रुपयांचीच लागते, आणि वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असल्याने घरमालकाचा पॅनही. महिना 50,000 रुपयांहून जास्त भाडे असेल तर भाडेकरूला दोन टक्के टीडीएस कापावा लागतो. ही कपात भाडेकरूनेच करायची असल्याने ॲपमध्ये कपातीनंतरची रक्कम टाकावी लागते.