टिक कुठली, फुली कुठली?

मुंबईच्या कचऱ्याच्या गाड्या मोठ्या संख्येने कुठे जातात, ठाऊक आहे? कांजूरमार्गच्या डम्पिंग ग्राउंडवर. समजा, तिथल्याच एका सोसायटीतल्या मुलांनी ठरवलं, की घरोघरी जाऊन विचारायचं, ‘तुम्ही ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवता का?’ चाळीस घरं, कागदावर आखलेले चौकोन. हो म्हटलं तर टिक, नाही म्हटलं तर फुली. मग मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला. आता कॉम्प्युटरने त्यातून प्रत्येक घराचं ‘हो’ किंवा ‘नाही’ कसं काढायचं?

कॉम्प्युटरला फोटोत टिकही दिसत नाही आणि फुलीही. त्याला दिसतात फक्त बारीक ठिपके, ज्यांना पिक्सेल म्हणतात, आणि प्रत्येक ठिपका किती काळा, किती उजळ याचा आकडा. म्हणून आधी फोटो सरळ करायचा. मोबाइल तिरका धरला की कागदाचा आयत वेडावाकडा दिसतो. त्याचे चार कोपरे शोधून ते ताणून पुन्हा आयतात बसवतात. मग शाई आणि कागद वेगळे करायचे. फोटो काढणाऱ्याच्या हाताची सावली पडली असेल, तर सावलीतला कोरा कागदसुद्धा काळपट दिसतो. म्हणून ठिपक्याची तुलना सगळ्या कागदाशी न करता त्याच्या आजूबाजूच्या ठिपक्यांशी करतात. शेजाऱ्यांपेक्षा बराच गडद असेल, तरच ती शाई.

आता एक चौकोन कापून घेऊ. समजा, तो 60 ठिपके रुंद आणि 60 ठिपके उंच आहे. चारही बाजूंनी 6-6 ठिपके सोडून द्यायचे, नाहीतर आखलेली रेघच शाई म्हणून मोजली जाईल. उरले 48 गुणिले 48, म्हणजे 2304 ठिपके. त्यात जेमतेम दहा-बारा काळे असतील, तर ती धूळ. चौकोन रिकामा.

शाई आहे, पण टिक की फुली? फुलीला दोन रेघा लागतात, म्हणजे शाई जास्त, असं वाटेल. पण कुणी भलीमोठी टिक करतं, कुणी चिमुकली फुली. शाई मोजून भागत नाही. इथे एक सुंदर युक्ती आहे. शाईची रेघ कडेने खरवडत खरवडत इतकी बारीक करायची, की ती एकाच ठिपक्याएवढी रुंद उरेल, पण तुटणार नाही. मग तिची टोकं मोजायची. ज्या ठिपक्याला एकच काळा शेजारी, ते टोक. टिकला दोन टोकं, फुलीला चार! शिवाय फुलीत रेघा एकमेकींना छेदतात, टिकमध्ये फक्त वळण असतं. मात्र खरवडताना फुलीचा मधला चौक कधीकधी फुटून एकमेकांशेजारी दोन तिठे होतात. म्हणून ‘चार रस्त्यांचा चौक हवाच’ असा हट्ट धरायचा नाही.

टोकं मोजली की संपलं का? नाही. एखाद्याची टिक जोरात ओढली जाते आणि तिचं शेपूट शेजारच्या घरच्या चौकोनात घुसतं. त्या रिकाम्या चौकोनात आता एक छोटी रेघ आहे, तिला दोन टोकं आहेत. म्हणजे ‘हो’? ज्या घराचं दार बंद होतं, त्याचं उत्तर तयार झालं की!

म्हणून आणखी एक मोजमाप. समजा टिकच्या लहान हाताची लांबी 15 ठिपके, मोठ्या हाताची 30. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघेवरून गेलं तर 45 ठिपके चालावं लागतं, पण सरळ उडी मारली तर साधारण 30 च. म्हणजे चालायची वाट दीडपट. शेपटाचा तुकडा मात्र सरळच असतो, चालणं आणि उडी सारखीच. त्यामुळे तो टिक नाही, हे लगेच कळतं.

काही खुणा तरीही अडतात. पेन उचलून दोन तुकड्यांत केलेली टिक असेल, तर टोकं चार, पण छेद नाही. फुली खोडून वर टिक केलेली असेल, तर सगळाच गुंता. अशा चौकोनांना ‘हो’ किंवा ‘नाही’ न देता ‘शंका’ असं लिहायचं आणि मूळ फोटोतला तो चौकोन माणसाने डोळ्यांनी पाहायचा.

आणि रिकाम्या चौकोनाला ‘नाही’ म्हणायचं का? हिशेब करून पाहा. शंकेचे चौकोन डोळ्यांनी तपासून झाले आणि चाळीस घरांत 22 टिक, 6 फुल्या, 12 रिकामे निघाले. रिकाम्यांना ‘नाही’ मानलं, तर 55 टक्के घरं कचरा वेगळा ठेवतात. फक्त उत्तर दिलेली 28 घरं धरली, तर जवळपास 79 टक्के! म्हणून तक्त्यात ‘हो’ला 1, ‘नाही’ला 0 लिहिलं, तरी बंद दाराच्या घरापुढची जागा कोरीच सोडायची. तिथे 0 घालायचा नाही. त्या बारा घरांची बेल पुन्हा वाजवायची.