दोन एकरांचा बेवड

नागापूर म्हटलं की नगर शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर एमआयडीसी येते, शेत नव्हे. पण कारखान्यांच्या आणि प्लॉटिंगच्या मधल्या जमिनीवर अजून शेती होते. वाटण्या होत होत एका घराच्या वाट्याला दीड-दोन एकर उरलेली, एक विहीर, दावणीला दोन गाई आणि डोक्यात कांदा. नेप्तीचा बाजार हाकेच्या अंतरावर असल्यावर दुसरं काय सुचणार? कांद्याला दोष देण्यात अर्थ नाही, या भागात रोख पैसा तोच देतो. खोट आहे ती त्याच तुकड्यात वर्षामागून वर्ष कांदा घेण्यात.

त्याचं कारण जमिनीखाली आहे. कांद्याची मुळं जेमतेम वीतभर खोल जातात. पाण्याबरोबर खाली उतरलेलं नत्र त्यांना सापडत नाही, म्हणून दर हंगामात खताची गोणी वाढत जाते. दुसरं म्हणजे फ्युजारियम ही बुरशी. ती जमिनीत कित्येक वर्षं तग धरते आणि कांद्याची बुडकूज करते. पात शेंड्याकडून पिवळी पडत वाळत येते, रोप ओढलं की अलगद हातात येतं, मुळं कुजलेली आणि बुडाशी पांढरी बुरशी दिसते. काही कांदे शेतात चांगले दिसतात आणि चाळीत गेल्यावर बुडातून सडू लागतात. मग दोष चाळीला दिला जातो.

म्हणून कांदा सोडायचा नाही, फिरवायचा. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. त्याचे वीस-वीस गुंठ्यांचे चार तुकडे करायचे आणि चारही तुकडे एकाच फेऱ्यावर, पण वेगवेगळ्या टप्प्यांवर ठेवायचे. दरवर्षी कांदा असतोच, मात्र एका तुकड्यात तो काढल्यावर पुन्हा लागेपर्यंत साडेतीन वर्षं जातात.

एका तुकड्याबरोबर चालत गेलं की फेरा समजतो. पहिल्या वर्षी जूनमध्ये सोयाबीन. ते ऑक्टोबरमध्ये निघालं की त्याच तुकड्याच्या कोपऱ्यात गुंठाभर गादीवाफ्यांवर कांद्याचं रोप टाकायचं. रोपवाटिका नेहमीच्या जागी, विहिरीजवळ, टाकण्याची आपली सवय इथे मोडावी लागते, कारण जुन्या जागेतली बुरशी रोपाच्या मुळांबरोबर नव्या तुकड्यात जाते आणि चार वर्षांची फेरपालट एका दिवसात वाया जाते. रोप सात-आठ आठवड्यांचं झालं की डिसेंबरअखेरीस लावणी, एप्रिलच्या आसपास काढणी. तुकड्याला मिळणारं सगळं शेणखत, साधारण तीन टन, याच वर्षी द्यायचं. सडका कांदा आणि त्याची पात मात्र उकिरड्यावर टाकायची नाही. तीच बुरशी खतातून सगळ्या रानात पसरते.

दुसऱ्या वर्षी बाजरी. कांद्याला दिलेल्या खतातलं जे उरलं असेल ते बाजरी उचलते, म्हणून तिला खत बेतानंच द्यायचं. तिच्यामागे हरभरा, एक-दोन पाण्यांवर. तिसऱ्या वर्षी मूग. तो साठ-पासष्ट दिवसांत निघतो आणि सप्टेंबरमध्ये रब्बी ज्वारीला रान मोकळं करून देतो. ज्वारीचा हिशेब दाण्यावर करणाऱ्यांनी कडब्याचा भावही बघावा. गाई आहेत तिथे पुढच्या कांद्याचं शेणखत या कडब्यातूनच तयार होतं. चौथ्या वर्षी बाजरी आणि तूर, दोन ओळी बाजरीच्या, एक तुरीची. बाजरी सप्टेंबरात निघते, तूर जानेवारीपर्यंत उभी राहते. तुरीचं सोटमूळ खोल उतरतं, कांद्याच्या हातून निसटलेलं नत्र वर आणतं आणि पानगळीतून पृष्ठभागावर टाकतं. तूर निघाली की नांगरट करून उन्हाळाभर रान तापू द्यायचं आणि जूनमध्ये पुन्हा सोयाबीन.

इथे एक गैरसमज काढायला हवा. कडधान्य घेतलं की जमिनीला फुकट युरिया मिळतो, असं सर्रास बोललं जातं. प्रत्यक्षात हवेतून बांधलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्याबरोबर बाजारात जातो. उरतं ते पानात, मुळात, भुशात. हरभरा मुळासकट उपटून खळ्यावर नेला आणि भूसही विकून टाकलं तर जमिनीच्या हाती फारसं काही लागत नाही. मुगाच्या शेंगा तोडून झाडं रानातच गाडली तर फरक पडतो. गाठी काम करतात की नाही हे साधारण पस्तिसाव्या दिवशी बघावं. पाच-सहा झाडं खुरप्यानं अलगद खणून मुळावरची गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी-लाल रंग असेल तर नत्र बांधलं जातंय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. सोयाबीनचं आणि हरभऱ्याचं रायझोबियम वेगळं असतं, एकाचं पाकीट दुसऱ्याला चालत नाही.

फेरा बिघडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तणनाशक. सोयाबीनवरचं इमॅझेथापायर किंवा बाजरी-ज्वारीवरचं ॲट्राझिन जमिनीत रेंगाळलं तर पुढचं पीक पिवळं पडून खुरटतं, आणि आपण खतं टाकत बसतो. फवारलेल्या रानातली माती एका कुंडीत आणि बांधाकडची न फवारलेली दुसऱ्या कुंडीत भरून दोन्हींत पुढचं पीक पेरून बघावं. दोन-तीन आठवड्यांत उत्तर मिळतं. त्यापेक्षा कांद्याआधीच्या सोयाबीनला कोळपणी आणि खुरपणी करणं मला बरं वाटतं, मजुरी मोजूनही.

आता पैशाचं. वीस गुंठ्यांत पन्नास क्विंटल कांदा आणि पस्तीस हजार खर्च धरू. भाव क्विंटलला पाचशे मिळाला तर दहा हजार तोटा. दोन हजार मिळाला तर पासष्ट हजार शिल्लक. ऐंशी गुंठे कांदाच असता तर हेच आकडे चाळीस हजार तोटा आणि दोन लाख साठ हजार शिल्लक झाले असते. म्हणजे फेरपालट तेजीच्या वर्षी महाग पडते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण तेजी आपल्या हातात नसते. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क बसलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती मे 2024 मध्ये उठली. ऐन बाजारात माल असताना हे झालं. मंदीतला दहा हजारांचा खड्डा तूर एकटी भरून काढू शकते. वीस गुंठ्यांत तीन क्विंटल आली आणि 2025-26 चा आठ हजारांचा हमीभाव मिळाला तर चोवीस हजार होतात. चाळीस हजारांचा खड्डा मात्र कर्जानेच भरतो.

पाऊस कमी झाला तर? उन्हाळी कांद्याला दहा-बारा पाणी लागतं, त्यामुळे निर्णय ऑक्टोबरात विहिरीची पातळी बघून घ्यायचा. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात हे गावपातळीवर होतं. पावसाचा आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून रब्बीची पिकं ठरतात, आणि शेतीला बोअरवेल, ऊस, केळी यांना बंदी आहे. आपल्या विहिरीत पाणी कमी असेल तर दहा गुंठेच कांदा लावावा आणि उरलेल्या दहा गुंठ्यांत हरभरा पेरावा. शेजारच्या तुकड्यात कांदा सरकवू नये, कारण एकदा सरकवला की पुढची तीन वर्षं कुठे काय होतं याचा पत्ता लागत नाही.

सुरुवात करताना क्रम उलटा लावावा. ज्या तुकड्यात आजवर सर्वांत जास्त कांदा झाला तो दुसऱ्या वर्षाच्या जागी, म्हणजे बाजरी-हरभऱ्यावर ठेवावा, त्याला कांद्यापासून सर्वांत लांबची विश्रांती मिळते. ज्यात सर्वांत कमी झाला त्यात पहिलं सोयाबीन आणि कांदा. मे महिन्यात चारही तुकड्यांची माती वेगवेगळ्या पिशवीत भरून तपासायला द्यावी, चारही तुकड्यांची एकत्र करू नये. वहीच्या एका पानावर चार चौकोन काढून पीक, पेरणीची तारीख आणि फवारलेलं औषध लिहून ठेवावं. ही वही घरात दुसऱ्या कुणाला तरी वाचता येईल अशा अक्षरात लिहावी.