६४चे ५९.६ का दिसतात?

भावाचं मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. मेमरी कार्डं तो आता ऑनलाइनही विकतो आणि त्यांची माहिती लिहायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्याच आठवड्यात तक्रार आली, "६४ जीबी म्हणता, कॉम्प्युटरवर ५९ आणि काहीतरी दिसतंय. बाकीचे कुठे गेले?"

"ताई, लिही की फॉरमॅटिंगमध्ये जातात," भाऊ म्हणाला. बहुतेक दुकानांत हेच उत्तर मिळतं, पण ते फार थोडं खरं आहे.

तसंच कार्ड मी विंडोजच्या कॉम्प्युटरला लावून Properties उघडलं. तिथे बाइटचा लांबलचक आकडा आणि जीबीचा छोटा आकडा शेजारीशेजारी असतात. बाइट जवळपास ६४ अब्ज होते, म्हणजे माल पुरता होता. फरक मापाचा आहे. कंपनीचा जीबी १ अब्ज बाइटचा, तर विंडोजचा १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. ६४ अब्जाला या मोठ्या मापाने भागलं की ५९.६ येतात. कच्च्या शेराने मोजलेलं धान्य पक्क्या शेराने मोजावं, तसंच हे. फाइलींची नोंद ठेवायला लागणारी जागा त्यातून थोडीच जाते. कार्ड जितकं मोठं, तितकी तूट मोठी दिसते. १ टीबीच्या कार्डावर विंडोज ९३१ जीबी दाखवतं.

वेगाबाबत मात्र ग्राहक खरोखरच फसतो. पाकिटावर ठळक छापलेला "१०० एमबी प्रति सेकंदापर्यंत" हा आकडा सहसा वाचण्याचा असतो, तोही "पर्यंत". व्हिडिओ काढताना लागतो लिहिण्याचा वेग, आणि त्याची किमान हमी कार्डावरच्या बारीक खुणेत असते. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, व्ही ३० म्हणजे ३०. १०० मेगाबिटने फोर-के चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याला ८ बिटांचा १ बाइट या हिशेबाने सेकंदाला १२.५ एमबी लिहावे लागतात. क्लास १०ची हमी तिथे तोकडी पडते आणि रेकॉर्डिंग मध्येच थांबू शकतं.

आता उलटी गोष्ट. ५९.६ दिसले म्हणून कार्ड अस्सल ठरत नाही. बनावट कार्डात चिप ८ जीबीची असली तरी आतला कंट्रोलर ६४ सांगतो आणि Properties तेच दाखवतं. पहिले ८ जीबी नीट भरतात. पुढच्या फाइलींची नावं दिसतात, पण उघडायला गेलं की त्या बिघडलेल्या निघतात. H2testw हा मोफत प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतो. ६४च्या कार्डाला सहज तासाभराहून जास्त वेळ लागतो.

आमच्या यादीत आता "६४ जीबी (विंडोजवर सुमारे ५९.६), लिहिण्याचा किमान वेग सेकंदाला ३० एमबी" असं लिहिलेलं असतं. कार्ड कुठूनही घ्या, पण H2testwची तपासणी परत करायची मुदत असतानाच, फोटो भरण्याआधी करा.